रिपोर्टमधलं 'बहुधा' अरबीत कसं न्यायचं?

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की आपण सगळ्यात आधी काय करतो? मोबाईल काढतो, फोटो घेतो आणि तो घरच्यांना पाठवून देतो. डॉक्टरांकडे जाण्याआधीच तो रिपोर्ट चार घरांत पोचलेला असतो आणि चार जणांनी त्याचे चार अर्थ लावलेले असतात.

माझ्या पुण्यातल्या दवाखान्यात येमेन, सुदान, इराक इथून शिकायला आलेली बरीच मुलं येतात. आई-वडिलांना उपचारासाठी बोलावून घेणारीही असतात. त्यांच्या बाबतीत या फोटोला आणखी एक प्रवास करावा लागतो. इंग्रजी रिपोर्टचं अरबी करावं लागतं, कारण पैसे कोण देणार, ऑपरेशन करायचं की नाही, परत कधी यायचं हे ठरवणारी वडीलधारी माणसं तिकडे असतात आणि त्यांना अरबीच वाचता येतं. तुमच्यापैकी कुणी हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात काम करत असेल, कुणाचा शेजारी किंवा भाडेकरू अरब असेल, कुणी मस्कत-दुबईत नर्स असेल. त्यांना हे काम कधी ना कधी करावं लागतं. बाकीच्यांनीही वाचा, कारण ज्या शब्दांशी अरबीत झटापट करावी लागते, तेच शब्द तुमच्या स्वतःच्या रिपोर्टमध्येही असतात.

एका रुग्णाचं उदाहरण घेऊन सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रिपोर्टमध्ये काय होतं?

येमेनमधल्या ५२ वर्षांच्या बाई, पुण्यात शिकणाऱ्या मुलाकडे आलेल्या. जेवल्यावर पोट जड वाटायचं, म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली. दोन पानी रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी साधारण अशा होत्या: यकृत १४.१ सेंटीमीटर. उजव्या भागात कडा स्पष्ट असलेली, आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसणारी १४ × १२ मिलिमीटरची गाठ, 'लाइकली हिमँजिओमा'. स्वादुपिंडाचं शेपूट आतड्यातल्या गॅसमुळे दिसलं नाही. बाकी अवयव 'अनरिमार्केबल'. शेवटी, 'क्लिनिकल कोरिलेशन' आणि गरज वाटल्यास तीन टप्प्यांचं कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन सुचवलं होतं.

मुलाने संध्याकाळी खोलीतल्या दिव्याखाली फोटो काढला, तोही पहिल्याच पानाचा. कागद घडी घातलेला होता आणि घडी नेमकी गाठीच्या मापावरून गेली होती. ओळखीच्या एकाने त्या फोटोवरून अरबी करून दिलं आणि ते वडिलांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्यासमोर बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. वडील फोनवर म्हणाले होते, "यकृतात १४ सेंटीमीटरचा ट्यूमर आहे. जमीन विकायला काढतो, तू ऑपरेशनची तारीख घे."

मी मूळ कागद मागवला आणि आमच्या दुभाषी बाईंना बोलावलं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, वीस वर्षं मस्कतला राहून अरबी पक्कं केलेल्या. त्यांनी ते अरबी वाचलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, यात तीन गोष्टी बिघडल्यात. आकडा, शब्द, आणि जे लिहिलंच नाही ते." या तिन्हींबद्दल एकेक करून बोलू या.

आकडा

घडीमुळे 'मिमी' पुसट झालं होतं. वरच्या ओळीत यकृताचं माप सेंटीमीटरमध्ये होतं, म्हणून करणाऱ्याने इथेही सेंटीमीटर धरलं. अरबीत ही चूक अगदी सहज होते. सेंटीमीटरसाठी 'सीन-मीम' आणि मिलिमीटरसाठी 'मीम-मीम' अशी दोन-दोन अक्षरं लिहायची पद्धत आहे. म्हणजे फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि त्या अक्षरावर दहापट अवलंबून. म्हणून बाईंचा नियम असा आहे की एकक कधीही संक्षेपात लिहायचं नाही, 'मिलिमीतर' असं पूर्ण लिहायचं.

ही चूक रिपोर्टच्या आतूनच पकडता येते. सबंध यकृत १४.१ सेंटीमीटरचं. त्यात १४ सेंटीमीटरची गाठ असेल तर यकृत उरलं कुठे? आणि एवढी मोठी गाठ असती तर रेडिओलॉजिस्टने 'बाकी यकृताची रचना सारखी आहे' असं लिहिलंच नसतं. एखादं माप विचित्र वाटलं तर ते ज्या अवयवात आहे त्या अवयवाच्या मापाशी ताडून बघा. बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

अरबी अंकांची आणखी एक गंमत तुम्हाला माहीत असलेली बरी. येमेन, इराक, सुदान, इजिप्त या भागांत रोजच्या लिहिण्यात जे अंक वापरतात त्यात पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो, आणि शून्य म्हणजे नुसता एक टिंब. आता '१.५' या आकड्याचा विचार करा. आपल्याला मधला टिंब दशांशचिन्ह वाटतो. त्या लिपीत तोच टिंब शून्य वाटू शकतो, आणि दीडाचे एकशे पाच होतात. म्हणूनच त्यांच्याकडे दशांशासाठी स्वल्पविरामासारखं वेगळं चिन्ह आहे. घरातली मावशी फोनवरून ऐकून वहीत आकडे उतरवते तेव्हा मात्र हा नियम कुणी पाळत नाही. म्हणून भाषांतरात आकडे मूळ रिपोर्टमध्ये आहेत तेच, त्याच इंग्रजी अंकांत ठेवा. तिकडच्या डॉक्टरांना ते वाचता येतात. मिलिमीटरचे सेंटीमीटर करू नका आणि १४.१ चे 'साधारण १४' करू नका. पुढच्या सोनोग्राफीशी तुलना करायची असते ती याच आकड्यांची.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. त्यामुळे मोबाईलवर मधेच चिन्ह टाकलं की क्रम उलटा दिसू शकतो. '१४ × १२' चं '१२ × १४' झालं तर बिघडत नाही. पण गाठ आधी ९ होती आणि आता १४ आहे हे मधे बाण टाकून लिहिलं, तर पडद्यावर १४ डावीकडे आणि ९ उजवीकडे दिसतात, बाण मात्र तसाच राहतो. वाढलेली गाठ कमी झाल्यासारखी वाचली जाते. अशा ठिकाणी बाण नको. 'पूर्वी इतकी होती, आता इतकी आहे' हे शब्दांत लिहावं.

शब्द

आता 'ट्यूमर' कुठून आला ते बघू. गंमत म्हणजे इथे आधीच्या भाषांतरकाराची चूक अर्धीच होती. हिमँजिओमा म्हणजे यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा छोटा गुंता. तो कॅन्सर नसतो आणि पुढे कॅन्सरमध्ये बदलतही नाही. बऱ्याच लोकांच्या यकृतात तो असतो आणि दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. पण वैद्यकीय अरबीत त्याचं नावच 'वरम विआई दमवी' असं आहे, म्हणजे 'रक्तवाहिन्यांचा वरम'. 'वरम' या शब्दाचा मूळ अर्थ सूज, फुगवटा. रोजच्या बोलण्यात मात्र वरम म्हटलं की घर कॅन्सरच समजतं. जागेअभावी त्याने पुढचे दोन शब्द गाळले आणि 'लाइकली'ही गाळलं. राहिलं फक्त 'यकृतात वरम'.

मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही 'वरम' काढून टाका ना. 'साधी गाठ आहे, काळजी नाही' एवढंच लिहा."

त्याच्या मनाची घालमेल मला कळत होती. तरीही तसं लिहिता येत नाही. रेडिओलॉजिस्टने 'हिमँजिओमा आहे' असं लिहिलेलं नाही, 'लाइकली' लिहिलं आहे. त्या एका शब्दात त्याने सांगितलंय की चित्र हिमँजिओमासारखं दिसतंय, पण फक्त सोनोग्राफीवरून मी शिक्का मारत नाही. हा शब्द गाळून घाबरवणं जितकं चूक, तितकंच तो गाळून धीर देणंही चूक.

रिपोर्टमधल्या अशा सावध शब्दांची एक उतरंड असते. ती नीट समजून घ्या.

'कन्सिस्टंट विथ' म्हणजे जे दिसतंय ते या आजाराशी जुळतं. अरबीत 'मुतवाफिक मअ'.

'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे चित्र या आजाराकडे बोट दाखवतंय. अरबीत 'यूही बि', म्हणजे 'सुचवतं'. हे 'सिद्ध करतं' नव्हे.

'लाइकली' म्हणजे बहुधा. याला बाई 'अलल-अर्जह' वापरतात. हा शब्द तराजूचं पारडं एका बाजूला झुकणं या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मला तो फार आवडला, कारण निदानात आम्ही नेमकं तेच करतो. पारडं झुकलेलं असतं, पण दुसरं पारडं रिकामं नसतं.

'पॉसिबल' म्हणजे शक्य आहे, एवढंच. इथे 'मुमकिन'. बरेच जण दोन्हीकडे 'मुहतमल' लिहून मोकळे होतात. बाई सांगतात की हा शब्द बोलण्यात 'शक्य' आणि 'बहुधा' या दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे वाचणाऱ्याला पारडं किती झुकलंय ते कळत नाही.

'कॅनॉट बी रूल्ड आउट' म्हणजे हा आजार नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही. अरबीत 'ला युमकिन इस्तिब्आदुहु'. आपल्याकडेही लोक हे वाक्य 'आहे' असंच वाचतात. तो अर्थ नाही. हा आजार यादीतून खोडलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

एका रिपोर्टमध्ये एका इंग्रजी शब्दाला एकच अरबी शब्द ठेवा. पहिल्या ओळीत 'अर्जह' आणि शेवटच्या ओळीत 'मुमकिन' केलंत, तर वाचणाऱ्याला रेडिओलॉजिस्टनेच मत बदललं असं वाटेल.

दोन साधे दिसणारे शब्दही दगा देतात. 'अनरिमार्केबल' म्हणजे 'लिहिण्यासारखं वेगळं काही नाही', अर्थात नॉर्मल. शब्दशः भाषांतर केलं तर 'लक्षात न आलेलं' असं काहीतरी होतं आणि तपासणाऱ्याने नीट बघितलंच नाही असं वाटतं. तिथे सरळ 'तबीई', म्हणजे नॉर्मल, लिहावं. दुसरा शब्द 'ग्रेड'. फॅटी लिव्हरच्या रिपोर्टमध्ये 'ग्रेड १' असतं. त्याला 'दरजा' म्हणावं. 'मरहला' म्हटलं की ती 'स्टेज' होते, आणि स्टेज म्हटलं की पुन्हा कॅन्सर.

जे लिहिलंच नाही

फोटो पहिल्याच पानाचा होता, त्यामुळे दुसऱ्या पानावरच्या दोन गोष्टी अरबीत आल्याच नव्हत्या. एक, स्वादुपिंडाचं शेपूट गॅसमुळे दिसलं नाही. हे लिहिताना 'लम युशाहद' म्हणजे 'दिसलं नाही' असंच हवं. 'ला यूजद' म्हणजे 'नाही'. न दिसणं आणि नसणं यात रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. छातीच्या एक्स-रेमध्येही हेच. 'गाठ दिसत नाही' याचा अर्थ 'या चित्रात दिसत नाही', इतकाच.

दुसरी गोष्ट होती शेवटची ओळ, 'क्लिनिकल कोरिलेशन'. आपण सगळेच ही ओळ छापील शिक्का समजून सोडून देतो. अरबीत 'क्लिनिकल'ला 'सरीरी' म्हणतात. सरीर म्हणजे पलंग, खाट. इंग्रजी शब्दाच्या ग्रीक मुळाचाही अर्थ तोच. म्हणजे पडद्यावर जे दिसलं ते खाटेवरच्या माणसाशी, त्याच्या तक्रारींशी आणि जुन्या आजारांशी जुळवून बघा. रेडिओलॉजिस्टच्या हातात चित्र असतं. तुमचा सगळा इतिहास त्याच्याकडे नसतो.

बाईंनी ही ओळ पूर्ण वाक्यात लिहिली: 'या निष्कर्षाची रुग्णाच्या लक्षणांशी व जुन्या आजारांशी सांगड घालावी'. नवं भाषांतर रात्री पाठवलं. सकाळी वडिलांचा मुलाला फोन आला. आकडा वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला होता, पण शेवटची ओळ वाचून त्यांना एक गोष्ट आठवली होती. सर्वांत धाकट्या मुलाच्या बाळंतपणात बाईंच्या रक्तात हेपेटायटिस बी सापडला होता. त्रास काही नव्हता, म्हणून पुढे कुणी विचारलं नाही. मुलाला हे माहीतच नव्हतं, आणि आईला मी जुन्या आजारांबद्दल विचारलं तेव्हा तिनेही 'काही नाही' असंच सांगितलं होतं.

या एका माहितीने त्या 'लाइकली'चं वजन बदललं. निरोगी यकृतात अशी छोटी, उजळ, स्पष्ट कडांची गाठ दिसली तर ती हिमँजिओमा असण्याचीच शक्यता फार मोठी असते आणि बऱ्याचदा काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणं पुरतं. पण वर्षानुवर्षं हेपेटायटिस बी असलेल्या यकृतात सुरुवातीचा छोटा कॅन्सरही सोनोग्राफीत असाच उजळ दिसू शकतो. तिथे सोनोग्राफीवर थांबता येत नाही.

रक्ततपासणीत हेपेटायटिस बी असल्याचं नक्की झालं. मग सुचवलेला सीटी स्कॅन केला. हिमँजिओमात कॉन्ट्रास्टचं औषध आधी कडेकडेने ठिपक्यांसारखं भरतं आणि सावकाश मध्यापर्यंत पोचतं. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा सुरुवातीलाच चटकन उजळते आणि नंतर औषध लवकर सोडून देते. या बाईंच्या गाठीत कडेकडेने भरणं स्पष्ट दिसलं. हिमँजिओमाच निघाला. जमीन विकावी लागली नाही. हेपेटायटिस बी मात्र खरा होता. त्याची औषधं लागतील का हे यकृततज्ज्ञ बघताहेत, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची हे तिकडच्या डॉक्टरांसाठी लिहून दिलं आहे. 'साधी गाठ आहे, काळजी नाही' एवढंच लिहिलं असतं तर हे कुणाला कळलं असतं?

काम करायची पद्धत

आता आम्ही हे कसं करतो ते सांगतो. यात काही अवघड नाही.

१. शक्यतो सोनोग्राफी सेंटरकडून रिपोर्टची पीडीएफ मागा. नाहीतर कागद टेबलावर सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून फोटो काढा. सगळी पानं घ्या. नाव, तारीख आणि सही फोटोत यायला हवी. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जाऊन पुसट होत नाही.

२. भाषांतराआधी इंग्रजी मजकूर जसाच्या तसा टाईप करून घ्या. जे वाचता येत नाही तिथे अंदाज करू नका. तिथे 'गैर वादिह', म्हणजे अस्पष्ट, असं लिहा आणि सेंटरला फोन करून विचारा. आमच्या उदाहरणात हा एक फोन पुरला असता.

३. मूळ रिपोर्टमधला प्रत्येक आकडा, प्रत्येक एकक आणि प्रत्येक 'उजवा-डावा' पेन्सिलने गोल करा आणि मोजा. भाषांतरातही तितकेच निघाले पाहिजेत. अरबीत 'अयमन' म्हणजे उजवा आणि 'अयसर' म्हणजे डावा. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखीच असल्यामुळे घाईत गफलत होते.

४. झालेलं अरबी दुसऱ्या एखाद्या अरबी जाणणाऱ्याला मूळ न दाखवता मराठीत किंवा हिंदीत सांगायला सांगा. 'बहुधा'चं 'आहे' झालं असेल तर ते इथे लगेच ऐकू येतं.

५. समजावून सांगायचं असेल ते भाषांतराखाली रेघ मारून वेगळं लिहा. 'हिमँजिओमा हा कॅन्सर नसतो. इथे तो बहुधा आहे असं म्हटलं आहे, नक्की करण्यासाठी तपासणी बाकी आहे,' हे मी रेघेखाली लिहिलं, माझ्या नावाने, आणि बाईंनी त्याचं अरबी केलं. रेघेच्या वर रेडिओलॉजिस्ट बोलतो, रेघेखाली मी. तिकडच्या डॉक्टरला कोण काय म्हणालं हे स्पष्ट कळलं पाहिजे.

६. अरबीबरोबर मूळ इंग्रजी रिपोर्टही नेहमी जोडा. उपचाराचा निर्णय मूळ रिपोर्टवर आणि शक्य असेल तर सीडीतल्या चित्रांवर होतो. भाषांतर घरच्यांना समजण्यासाठी असतं.

तुमच्या स्वतःच्या कपाटात जुना सोनोग्राफी रिपोर्ट असेल तर आज तो काढा आणि शेवटची ओळ वाचा. तिथे 'क्लिनिकल कोरिलेशन' लिहिलं असेल, तर तुमच्या डॉक्टरांना तुमचे सगळे जुने आजार, काविळी आणि घरातली दुखणी सांगितली आहेत का ते आठवा. राहिलं असेल तर पुढच्या भेटीत नक्की सांगा.